भागीदारी मोडताना: एकाच वादात वापरलेल्या तीन मध्यस्थी शैली

हे प्रकरण खरं आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने लिहिलं आहे आणि त्यांना कोणी ओळखू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हा वाद हाताळणाऱ्या मध्यस्थांचा मी पर्यवेक्षक होतो. बैठकांना मी हजर नसायचो, पण प्रत्येक बैठकीनंतर त्यांच्याशी सविस्तर चर्चा व्हायची आणि त्यांच्या टिपणांवरूनच हा मजकूर तयार झाला. मध्यस्थीच्या विद्यार्थ्याला तीन शैलींचा तक्ता पाठ असतो: सुलभक, मूल्यमापक, परिवर्तक. पण प्रत्यक्ष बैठकीत कोणत्या क्षणी कोणती शैली हातात घ्यायची आणि घेतल्यावर काय गमवावं लागतं, हे तक्त्यावरून कळत नाही. इथे एकाच वादात तिन्ही शैली आल्या, म्हणून हे प्रकरण निवडलं.

## पार्श्वभूमी

वास्तुविशारदांचं एक छोटं कार्यालय होतं आणि त्यात दोन भागीदार होते. ज्येष्ठ भागीदार एकेकाळी महाविद्यालयात शिकवायच्या आणि धाकटा भागीदार त्यांचा विद्यार्थी. शिक्षण संपल्यावर तो त्यांच्याकडेच नोकरीला लागला आणि काही वर्षांनी भागीदार झाला. तो त्यांना शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणत होता, म्हणून इथेही त्यांना मॅडम म्हणतो, आणि त्याला धाकटा.

मॅडम आजारपणामुळे आठ महिने रजेवर होत्या. त्या काळात कार्यालय धाकट्याने एकट्याने सांभाळलं. मॅडम परत आल्या आणि पहिल्याच आठवड्यात, सगळ्या सहकाऱ्यांसमोर, त्याने मंजूर केलेला एक आराखडा त्यांनी रद्द केला. दोन महिन्यांनी त्याने भागीदारी सोडत असल्याची लेखी सूचना दिली.

## वाद काय होता

भागीदारीच्या करारात लिहिलं होतं की बाहेर पडणाऱ्याला त्याच्या भांडवल खात्यातली रक्कम आणि ‘नावलौकिकाच्या मूल्यातला रास्त वाटा’ मिळेल. रास्त म्हणजे किती, हे कुठेच नव्हतं. असे करार मैत्रीच्या भरात होतात आणि वकिलांचं पोट भरतात.

भांडवल खात्याबद्दल वाद नव्हता, वाद नावलौकिकाच्या वाट्यावरच होता. खरे आकडे देता येत नाहीत, म्हणून कार्यालयाचं वर्षाचं शुल्क-उत्पन्न 100 धरू. धाकट्याची मागणी 40 ची होती. मॅडम 12 द्यायला तयार होत्या. त्यांचं म्हणणं असं की ग्राहक त्यांच्या नावामुळे येतात. ते नाव तो घेऊन जाऊ शकत नाही आणि विकतही देऊ शकत नाही. त्याचं म्हणणं असं की आठ महिने ते नाव जिवंत कोणी ठेवलं, तेही मोजा.

शिवाय चार चालू कामं होती, आराखड्यांच्या वापराचे हक्क होते आणि दोन अनुभवी सहकारी कोणाकडे जाणार हा प्रश्न होता. वकील दोन्हीकडे होते आणि दावा दाखल करण्याची तयारीही झाली होती.

## मध्यस्थापुढचे पर्याय

मध्यस्थ बांधकाम क्षेत्रातल्या वादांमध्ये मुरलेले होते. आधी बरीच वर्षं त्यांनी लवाद म्हणून निवाडेही दिले होते. दोन्ही वकिलांनी त्यांना निवडलं ते त्याच कारणासाठी: ‘यांना आकडे कळतात.’ हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सुलभक शैलीत मध्यस्थ प्रक्रियेची जबाबदारी घेतो आणि मजकूर पक्षांवर सोडतो. तो प्रश्न विचारतो, मागणीमागची गरज शोधतो, मुद्दे मांडून ठेवतो, पण ‘मला वाटतं’ म्हणत नाही. मूल्यमापक शैलीत तो एक पाऊल पुढे टाकतो: वाद न्यायालयात गेला तर काय होईल, कोणती बाजू कमकुवत आहे, कोणता आकडा वाजवी, हे सांगतो. लिओनार्ड रिस्किन यांनी 1994 मध्ये जो प्रसिद्ध आलेख मांडला आणि 1996 मध्ये विस्ताराने लिहिला, त्याची एक रेषा या दोन टोकांना जोडते. दुसरी रेषा वाद किती अरुंद किंवा किती रुंद धरायचा याची आहे. परिवर्तक शैली या आलेखात नीट बसतच नाही. रॉबर्ट बुश आणि जोसेफ फोल्गर यांनी ती 1994 मध्येच मांडली, पण तिचं उद्दिष्टच वेगळं आहे. तडजोड झाली तर ठीक, पण मध्यस्थाने तिच्यामागे लागायचं नाही. वादामुळे माणूस हतबल होतो आणि स्वतःत गुरफटतो. त्याला पुन्हा स्वतःचं बळ जाणवावं आणि समोरच्याची बाजू दिसावी, एवढ्यासाठी मध्यस्थाने बसायचं. पहिल्या गोष्टीला ते सबलीकरण म्हणतात, दुसरीला दखल.

मध्यस्थांनी सुरुवात सुलभक शैलीने करायचं ठरवलं. कारण साधं होतं: मत नंतरही देता येतं, पण एकदा दिलेलं मत परत घेता येत नाही.

## पहिली बैठक: प्रश्नांची

पहिल्या बैठकीला अर्धा दिवस लागला. दोघांनी आपापली बाजू मांडली आणि मध्यस्थांनी पाच मुद्दे फळ्यावर लिहिले: रक्कम, चालू कामं, आराखडे, सहकारी, आणि ग्राहकांना काय सांगायचं. पाचवा मुद्दा वकिलांच्या यादीत नव्हता. तो मॅडमच्या बोलण्यातून दोनदा आला होता, म्हणून मध्यस्थांनी तो लिहिला. सुलभक मध्यस्थाचं निम्मं कौशल्य अशा कानात असतं.

मग त्यांनी रक्कम बाजूला ठेवली आणि विचारलं, “पहिल्या वर्षात तुम्हाला कशाची सर्वांत जास्त काळजी वाटते?” धाकट्याला नवीन कार्यालय उभं करायचं होतं. एकूण किती मिळणार यापेक्षा सुरुवातीला हातात किती येणार, याची त्याला जास्त चिंता होती. मॅडमना भीती होती की दोन्ही अनुभवी सहकारी एकदम गेले तर चालू कामं कोसळतील. या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नव्हत्या. दुपारपर्यंत पैसे टप्प्यांत देण्याची कल्पना आली, चारपैकी तीन कामांची वाटणी झाली, चौथं दोघांनी मिळून पूर्ण करायचं ठरलं. सहकाऱ्यांनी कुठे जायचं ते स्वतः ठरवावं, पण सहा महिने कोणी कोणाला ओढायचं नाही, असं ठरलं. आराखड्यांचा प्रश्न तर वीस मिनिटांत मिटला.

रक्कम मात्र जागची हलली नाही. 40 आणि 12.

इथे पहिला निर्णयक्षण आला. धाकट्याच्या वकिलांनी सरळच विचारलं, “साहेब, तुम्ही इतके निवाडे दिलेत. तुम्हाला काय वाटतं?” मध्यस्थांनी उत्तर टाळलं आणि प्रश्न उलटा केला: “तुमच्या अंदाजाने 40 मिळण्याची शक्यता किती? आणि नाही मिळाले तर दोन वर्षांनी तुमचे पक्षकार कुठे असतील?” याला वास्तव तपासणी म्हणतात. शैलींमधली सीमारेषा इथेच पुसट होते. आवाजात थोडी शंका आली की हाच प्रश्न मत होऊन बसतो. ‘तुम्हाला खरंच वाटतं का 40 मिळतील?’ असं विचारलं असतं तर वाक्य प्रश्नाचं, पण आत निकाल. मध्यस्थांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत मॅडमच्या वकिलांनाही विचारला. हीच कसोटी विद्यार्थ्याने स्वतःला लावावी: जो प्रश्न मी याला विचारतोय, तो त्याच सुरात दुसऱ्याला विचारू शकेन का?

## दुसरी बैठक: आकड्याची

दहा दिवसांनी दोन्ही वकिलांनी मिळून लेखी विनंती केली की मध्यस्थांनी नावलौकिकाच्या मुद्द्यावर आपलं मत द्यावं. दोघांनीही मागितलं होतं, हे महत्त्वाचं. पुढच्या बैठकीआधी मध्यस्थांनी माझ्याशी पर्यायांवर चर्चा केली. प्रश्न विचारत राहायचं, तर पक्षांना वाटेल हा माणूस अंगाला लावून घेत नाही. तटस्थ मूल्यांकनकार आणायचा, तर वेळ आणि खर्च वाढेल. स्वतः मत द्यायचं, तर ते जलद आणि वजनदार होईल, पण त्यानंतर दोघांच्याही नजरेत ते वेगळे ठरतील. त्यांनी मत द्यायचं ठरवलं, पण एकत्र बैठकीत नाही, स्वतंत्र बैठकांमध्ये.

मत कसं दिलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण मूल्यमापक शैली म्हणजे ठोकून एक आकडा सांगणं, असा समज विद्यार्थ्यांमध्ये असतो. मध्यस्थांनी शक्यतांची मांडणी केली. करारातल्या ‘रास्त’ या शब्दाचा धाकट्याच्या बाजूने पूर्ण अर्थ लावला गेला तर 40, शक्यता 30 टक्के. मधला अर्थ लावला तर साधारण 18, शक्यता 50 टक्के. व्यक्तीच्या नावावर चालणाऱ्या व्यवसायात नावलौकिकाला वेगळं मूल्य जवळजवळ नसतं असं धरलं तर 10, शक्यता 20 टक्के. गुणाकार केला की 12, 9 आणि 2, एकूण 23. दाव्याचा खर्च प्रत्येकी 5 धरला. म्हणजे धाकट्याच्या हातात सरासरीने 18 पडतील आणि मॅडमच्या खिशातून 28 जातील. 18 ते 28 या पट्ट्यात कुठेही मिटलं तर दोघांनाही दाव्यापेक्षा बरं.

गणित दोघांसमोर तेच मांडलं, पण ऐकलं दोघांनी वेगवेगळं. ‘चाळीस मिळण्याची शक्यता आहे’ हे धाकट्याच्या लक्षात राहिलं. ‘दहासुद्धा होऊ शकतात’ हे मॅडमच्या. मध्यस्थाने दिलेल्या अंदाजातून माणूस आपल्या सोयीचा तुकडा उचलतो आणि उरलेला पूर्वग्रह म्हणून बाजूला टाकतो. स्वतंत्र बैठकीत हे जास्त घडतं, कारण समोरच्याने काय ऐकलं ते कोणालाच दिसत नाही.

तरीही परिणाम झाला, हे मान्य करायला हवं. संध्याकाळपर्यंत धाकटा 30 वर आला आणि मॅडम 17 वर. 28 चं अंतर 13 वर आलं. प्रश्नांनी जे अर्ध्या दिवसात झालं नव्हतं ते एका गणिताने तीन तासांत केलं. मूल्यमापक शैलीला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी योजनांमध्ये वकिलांना ती आवडते, ती काही उगाच नाही.

पण तिची किंमतही त्याच संध्याकाळी दिसली. धाकटा बाहेर पडताना आपल्या वकिलांना म्हणाला, “यांनी ठरवूनच टाकलंय.” त्याच्या वकिलांनीच हे नंतर मध्यस्थांना सांगितलं. मत मागणारी लेखी विनंती त्याच्याही वकिलांची होती, तरीही. किंबर्ली कोवाच आणि लेला लव्ह यांनी 1996 मध्ये मूल्यमापक मध्यस्थी हा शब्दप्रयोगच वदतोव्याघात आहे असं लिहिलं होतं. मला ते टोकाचं वाटतं. पण मत देणाऱ्यासमोर पक्षकार मोकळेपणाने बोलत नाही, त्याला पटवायला बोलतो, ही त्यांची भीती अशा वेळी खरी ठरते.

## दुसरा निर्णयक्षण: मध्यस्थाचा प्रस्ताव द्यायचा की नाही

अंतर 13 वर थांबलं होतं. इथे बरेच अनुभवी मध्यस्थ एक हुकमी साधन वापरतात. मध्यस्थ एक आकडा सुचवतो आणि दोघे त्याला वेगवेगळं, गुप्तपणे, फक्त हो किंवा नाही कळवतात. दोन्हीकडून हो आलं तर वाद मिटला. एकाचं नाही आलं तर दुसऱ्याचं हो कधीच उघड होत नाही, म्हणून कोणाची बाजू लंगडी पडत नाही. मध्यस्थांच्या वहीत 23 हा आकडा लिहिलेलाही होता.

तो त्यांनी दिला नाही. कारण त्यांना एक खूण दिसली होती. मॅडमच्या वकिलांनी 13 चं अंतर कसं कमी करता येईल यावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा मॅडम मध्येच म्हणाल्या, “पैशांचा प्रश्न नाहीये. पण ग्राहकाच्या तोंडून कळावं?” वाटाघाटीत ‘पैशांचा प्रश्न नाही’ हे वाक्य रोजचंच असतं आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘पैसे कमी द्यायचेत’ असाच असतो. मग खरं कधी मानायचं? मध्यस्थांनी सांगितलेली कारणं मला पटली. एक, आकडा आपल्या बाजूला सरकल्यावरही मॅडमच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. दोन, तोच प्रसंग पहिल्या बैठकीतही त्यांनी काढला होता, रकमेशी त्याचा काही संबंध नसताना. तीन, तो निघाला की धाकटा एकदम गप्प व्हायचा. एरवी तो प्रत्येक वाक्याला उत्तर देत होता.

त्यांनी दोघांना स्वतंत्रपणे विचारलं, पुढची बैठक आकड्याशिवाय घ्यायची का? तिचा हेतू तडजोड नसेल, कदाचित काहीच ठरणार नाही, आणि तुम्ही कधीही उठून जाऊ शकता, हेही सांगितलं. दोघांनी विचार करायला दोन दिवस घेतले आणि होकार दिला. मॅडमच्या वकिलांना हा वेळेचा अपव्यय वाटला. ते आले, पण भिंतीजवळ बसले.

## तिसरी बैठक: आकड्याशिवाय

परिवर्तक मध्यस्थ बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ काहीच करत नाही असं वाटतं. फळा नाही, मुद्द्यांची यादी नाही, ‘आता पुढच्या विषयाकडे वळू’ नाही. साधनं तीनच. पक्षकार जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांच्या धारेसह परत मांडायचं, धार बोथट न करता. दोघांचं बराच वेळ बोलणं झालं की त्यात काय काय आलं आणि कुठे मतभेद आहेत ते सांगायचं. आणि मग विचारायचं, आता पुढे काय करायचंय तुम्हाला? सुलभक मध्यस्थ ‘त्याने माझा विश्वासघात केला’ याचं ‘म्हणजे तुमच्यासाठी विश्वास महत्त्वाचा आहे’ असं करतो. परिवर्तक मध्यस्थ असं सौम्य करत नाही. तो म्हणतो, ‘तुम्हाला वाटतं त्याने विश्वासघात केला.’

सुरुवातीची चाळीस मिनिटं वाईट गेली. दोघेही मध्यस्थांकडे पाहून बोलत होते, एकमेकांबद्दल, जणू दुसरा खोलीत नाहीच. धाकट्याने रद्द केलेल्या आराखड्याची गोष्ट पुन्हा सांगितली. आवाज चढला. मध्यस्थांनी थांबवलं नाही, एवढंच म्हणाले, “सगळ्यांसमोर रद्द केलं, हे तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय. तुमचा अपमान झाला.”

“अपमान नाही,” तो म्हणाला. मग थांबला. “हो. अपमानच.”

मग मॅडमनी ग्राहकाचा प्रसंग पूर्ण सांगितला, पहिल्यांदाच. रजेवरून आल्यावर एका जुन्या ग्राहकाने त्यांना विचारलं होतं, ‘तुम्ही आता निवृत्त झालात ना?’ त्यांना वाटलं, धाकट्याने आपल्यामागे आपल्याला निवृत्त करून टाकलं.

धाकट्याने मध्यस्थांकडे पाहून सुरुवात केली, “त्यांना सांगा की...” आणि मध्येच मॅडमकडे वळला. “मॅडम, तुम्ही आजारी आहात हे कळलं असतं तर त्यांनी काम काढून घेतलं असतं. मी म्हणालो, मॅडम विश्रांती घेतायत. एवढंच. निवृत्त हा शब्द माझा नाही.”

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. वकील खुर्चीत हलले. मध्यस्थही गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसणं हे या शैलीतलं सर्वांत अवघड काम आहे, कारण सुलभक मध्यस्थाचा हात लगेच पुढच्या प्रश्नाकडे जातो. मग मॅडम म्हणाल्या, “अरे, मग मला फोन का नाही केलास?”

“तुम्ही झोपलेल्या असायच्यात.”

बुश आणि फोल्गर ज्याला दखल म्हणतात ती अशी दिसते. माफी नाही, मिठी नाही. मध्यस्थामार्फत बोलणारी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, एवढाच बदल, पण तो ओळखता येतो. त्यानंतरचा तासभर ते कामाच्या श्रेयाबद्दल बोलले. गेल्या काही वर्षांतल्या प्रकल्पांवर कार्यालयाच्या प्रसिद्धीत फक्त मॅडमचं नाव होतं. ते धाकट्याच्या मनात किती खोल रुतलंय, हे मॅडमना माहीत नव्हतं, की माहीत असून विचार केला नव्हता, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

आकडा मध्यस्थांनी काढला नाही. तो धाकट्याने काढला, उठता उठता: “पुढच्या आठवड्यात पैशांचं बसून ठरवू का?”

## परिणाम

ते दोघे वकिलांशिवाय बसले आणि 24 वर आले: 10 लगेच, मग 7 आणि 7. सहा प्रकल्पांवर पुढे सगळीकडे दोघांचं नाव द्यायचं ठरलं. ग्राहकांना दोघांच्या सहीचं एकच पत्र गेलं. करार वकिलांनी लिहिला आणि दावा दाखल झाला नाही.

सगळंच टिकलं नाही. दोघांनी मिळून पूर्ण करायचं ठरलेलं चौथं काम काही महिन्यांत अडलं. दोघांच्या कामाच्या पद्धती वेगळ्या झाल्या होत्या. ते काम शेवटी पूर्णपणे मॅडमकडे गेलं आणि हिशेबात बदल झाला. तो बदल त्यांनी एकमेकांना फोन करून केला, मध्यस्थांना नंतर कळलं. परिवर्तक शैलीचे पुरस्कर्ते याकडे बोट दाखवतील आणि ते बरोबर आहे.

दुसरी गोष्ट कमी सुखाची. दोनपैकी एका सहकाऱ्याने सहा महिन्यांचा वायदा संपताच नोकरी सोडली आणि जाताना सांगितलं की आपल्याला ‘ओढायचं नाही’ असं ठरवताना कोणी विचारलं नव्हतं. ते खरं होतं. तिन्ही शैलींमध्ये टेबलावर कोण बसणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी, भागीदार दोघेच, असा सुटला होता आणि पुन्हा उघडला गेला नाही.

## काय वेगळं करता आलं असतं

माझं आणि मध्यस्थांचं या प्रकरणावर पूर्ण एकमत नाही. त्यांचं म्हणणं असं की आकड्याचं काम आधी झालं म्हणूनच तिसरी बैठक शक्य झाली. 18 ते 28 हा पट्टा माहीत असल्यामुळे दोघांनाही पैशांची भीती उरली नव्हती, आणि 24 हा आकडा त्या पट्ट्यातच आहे. यात तथ्य आहे. पहिल्याच दिवशी आकड्याशिवाय बसायला सांगितलं असतं तर वकिलांनी मध्यस्थच बदलला असता.

मला मात्र मूल्यमापन मध्यस्थांनी स्वतः करायला नको होतं असं वाटतं. तेच गणित एखाद्या तटस्थ मूल्यांकनकाराने मांडलं असतं, तर ‘यांनी ठरवूनच टाकलंय’ ही नाराजी त्याच्यावर गेली असती आणि मध्यस्थ मोकळे राहिले असते. खर्च वाढला असता, पण दाव्याच्या खर्चाच्या तुलनेत तो नगण्य होता. आणि मूल्यमापन त्यांनीच करायचं, तर ते एकत्र बैठकीत व्हायला हवं होतं. दोघांनी एकाच वेळी 40 आणि 10 ऐकले असते, तर सोयीचा तुकडा उचलणं अवघड गेलं असतं. मध्यस्थांचं यावर उत्तर असं की एकत्र बैठकीत कमकुवत बाजू उघडी पडते आणि माणूस अडून बसतो. हा खरा पेच आहे आणि मला वाटतं तो प्रत्येक प्रकरणात नव्याने सोडवावा लागतो.

ग्राहकाचा प्रसंग पहिल्या बैठकीआधीच बाहेर येऊ शकला असता. मध्यस्थीपूर्वीच्या मुलाखतीत कागदपत्रं आणि रकमा यांबद्दल विचारलं गेलं, पण ‘हे बिघडायला कधी सुरुवात झाली?’ हा एक साधा प्रश्न नव्हता. तो प्रश्न तिन्ही शैलींमध्ये चालतो.

एक टीका अशीही होऊ शकते की तिसरी बैठक परिवर्तक नव्हतीच. बुश आणि फोल्गर यांच्या मते ही शैली इतरांत मिसळता येत नाही, कारण मध्यस्थाच्या मनात ‘मन मोकळं झालं की आकडा जुळेल’ असा हिशेब असेल, तर तो पक्षकाराच्या मागे जात नाही, त्याला नेतो. आमच्या मध्यस्थांच्या वहीत तर 23 लिहिलेला होता. ज्या योजनांनी ही शैली शुद्ध स्वरूपात वापरली, तिथे नातं पुढेही चालू राहणार होतं. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1990 च्या दशकात नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी तीच निवडली आणि तिथे माणसं दुसऱ्या दिवशी त्याच टेबलांवर काम करणार होती. इथे भागीदारी संपतच होती. मग नातं सुधारण्याचा काय उपयोग, असं कोणी विचारेल. चौथं काम अडलं तेव्हा झालेला तो फोन हे त्याचं उत्तर आहे.

ही शैली कुठे लावू नये तेही या प्रकरणाशी ताडून पाहता येतं. इथे दोघेही एकमेकांना घाबरत नव्हते आणि दोघेही एकट्याने उठून जाऊ शकत होते. एकाच्या मनात दुसऱ्याची धास्ती असती, किंवा एकाचं पोट दुसऱ्याच्या हातात असतं, तर ‘मी फक्त मागे मागे येतो’ म्हणणारा मध्यस्थ जोरकस माणसाच्या मागे गेला असता. तसंच, ज्याला फक्त आकडा हवाय आणि बोलायचं नाही, त्याला बोलायला बसवणं हीसुद्धा एक प्रकारची जबरदस्तीच आहे.

रिस्किन यांनी 2003 मध्ये स्वतःच्या आलेखात बदल केला. सुलभ करणं आणि मत देणं ही एकमेकांची उलटी टोकं नाहीत, म्हणून त्यांनी तुलना बदलली: मध्यस्थ स्वतः दिशा देतो की पक्षकारांकडून काढून घेतो. या प्रकरणाची टिपणं त्या नजरेने पुन्हा वाचली की एक विसंगती दिसते. फळ्यावर कोणते पाच मुद्दे लिहायचे हे पहिल्या बैठकीत मध्यस्थांनीच ठरवलं होतं, आणि तिसऱ्या बैठकीची कल्पनाही त्यांचीच होती. आकड्याचं मत मात्र दोन्ही पक्षांनी लेखी मागितलं होतं. सगळ्यांत ‘मूल्यमापक’ ठरलेली बैठक पक्षकारांच्या इच्छेने झाली, आणि ‘परिवर्तक’ ठरलेली मध्यस्थांच्या.